वाडा, वायफाय आणि दोन फुटी भिंत

मेश घ्यायचं की एक्स्टेंडर? त्र्यंबकेश्वरच्या दोनमजली वाड्यात आम्ही दोन्ही लावून बघितलं. खरा डोकं खाणारा प्रश्न वेगळाच निघाला!

‘आवाज येतोय का? हॅलो... मी दिसतेय का?’ हे वाक्य माझी मामेबहीण दिवसातून किमान वीस वेळा म्हणते. ती पुण्यातल्या एका आयटी कंपनीत आहे. आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ‘वर्क फ्रॉम होम’ घेऊन ती त्र्यंबकला आली आणि माडीवरच्या मागच्या खोलीत तिनं ऑफिस थाटलं. समोर ब्रह्मगिरी, खाली चौकात तुळस, हाताशी मामीचा चहा. सांगा, कुणाला नको असेल असं ऑफिस? फक्त एकच घोळ होता. त्या खोलीत नेट नव्हतं.

म्हणजे घरात होतं. १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, पुढच्या बैठकीत, टीव्हीशेजारच्या कोनाड्यात. तिथं फोन धरला की नेट सुसाट. पण बैठकीतून चौक ओलांडून मागे गेलं, की निम्मी हवा गुल. आणि जिना चढून ताईच्या खोलीत गेलं, की सगळीच गुल. तीन क्लायंट कॉल अर्धवट तुटल्यावर तिच्या मॅनेजरनं सरळ सांगितलं, महिनाअखेरपर्यंत नेट नीट कर, नाहीतर पुण्याला परत ये. इकडे आजी अजून वॉकर धरून चालतेय आणि ताईशिवाय कुणाच्या हातून औषध घेत नाही. म्हणजे मामला सीरियस.

अशा वेळी घरात ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ असं समजलं जाणाऱ्या माणसाला फोन जातो. आमच्या घरात तो मान माझा आहे. का, ते विचारू नका. मास कम्युनिकेशनची डिग्री आहे, एवढ्या भांडवलावर! शुक्रवारी दुपारी नाशिकहून तासाभरात त्र्यंबकला पोचले, तेव्हा मामा दारातच उभा. हातात नवंकोरं एक्स्टेंडर.

‘दुकानदार म्हणाला, भिंतीत खोचायचं आणि विसरून जायचं,’ मामा म्हणाला.

फुल दांड्या, नेट गायब

एक्स्टेंडर म्हणजे ते प्लगमध्ये खोचायचं छोटं खोकं. राउटरचा सिग्नल ऐकायचा आणि तोच पुढे ओरडायचा, एवढंच त्याचं काम. मामानं ते कुठं लावलं असेल? जिथं नेट येत नाही तिथं, म्हणजे थेट ताईच्या खोलीत. तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं. लगेच लॅपटॉपवर सगळ्या दांड्या फुल! मामी खूश, मामा दुप्पट खूश. ताईनं कॉल लावला. चाळीस सेकंदांत चेहरा गोठला.

इथं पहिला फंडा लक्षात घ्या. तुमच्या स्क्रीनवरच्या दांड्या फक्त एवढंच सांगतात, की तुमचा लॅपटॉप आणि जवळचं खोकं यांच्यात किती ताकदीचा सिग्नल आहे. त्या खोक्याला राउटरकडून काय मिळतंय, हे त्या सांगत नाहीत. खोकं टेबलाशेजारी असल्यावर दांड्या फुल असणारच की. पण ते खोकं स्वतःच उपाशी असेल, तर तुम्हाला काय वाढणार? जिथं सिग्नल मेलेला आहे तिथं एक्स्टेंडर लावणं म्हणजे ज्याला काहीच ऐकू आलेलं नाही, त्यालाच निरोप सांगायला पाठवणं.

दुखणं नक्की कुठं आहे, हे ओळखायची एक फुकट युक्ती आहे. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंटरनेटला नव्हे, आपल्याच राउटरला हाक मारा. मामाच्या राउटरचा पत्ता असा होता (तुमचा राउटरच्या मागच्या स्टिकरवर असेल):

```
ping -t 192.168.1.1
```

बैठकीत बसून हे केलं तर उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत, एका लयीत येत होतं. ताईच्या खोलीत तेच उत्तर कधी ९०, कधी ४०० आणि मध्येच ‘Request timed out’. म्हणजे दोष कंपनीच्या लाइनचा नव्हता. बिघाड आमच्या घरातच, बैठक आणि माडी यांच्यामध्ये होता. उलट राउटरकडून उत्तर सुरळीत येत असेल आणि तरी नेट अडत असेल, तर कंपनीला फोन करा. एवढं तपासलं तर कस्टमर केअरवरची निम्मी भांडणं वाचतील.

आणखी एक गोष्ट. व्हिडिओ कॉलला स्पीड फार लागतच नाही, तीन-चार एमबीपीएस पुरतात. त्याला लागतं सातत्य. सिनेमा आधीच थोडा साठवून ठेवता येतो, म्हणून तो अडत नाही. समोरच्याचं बोलणं आधी कसं साठवणार? म्हणून ‘यूट्यूब तर चालतंय की’ हा मामाचा मुद्दा बरोबर असूनही उपयोगाचा नव्हता.

भिंतीशी भांडण

आता भिंतीकडे वळू. मामाचा वाडा जुना. खाली काळा दगड, वर वीट, मध्ये चुना-माती. कोनाड्याच्या कडेनं मी मेजरटेप लावला तर भिंत भरली दोन फूट आणि वर दोन बोटं. परदेशी वेबसाइटवरचे राउटरचे रिव्ह्यू वाचताना आपण एक गोष्ट विसरतो. अमेरिकेतली बरीचशी घरं लाकडी चौकटीची आणि त्यावर जिप्समचे पातळ बोर्ड ठोकलेली असतात. तिथं ‘या मॉडेलनं दोन हजार स्क्वेअर फूट घर कव्हर केलं’ असं लिहिलेलं असतं, ते खरंच असतं. फक्त ते घर त्र्यंबकला नसतं!

मी फोनवर सिग्नल मोजणारं फुकटचं अ‍ॅप टाकलं आणि घरभर फिरले. हे अ‍ॅप उणे आकडे दाखवतं, तेव्हा दचकू नका. शून्याच्या जितकं जवळ, तितकं चांगलं. उणे ५० म्हणजे मस्त, उणे ६७ पर्यंत कॉल निवांत चालतो, उणे ७५ ला रडारड सुरू आणि उणे ८५ म्हणजे राम म्हणा. आणि हे आकडे साधे नाहीत. तीनचा फरक पडला तर ताकद निम्मी, दहाचा पडला तर एकदशांश.

बैठकीत आकडा होता उणे ४२. भिंतीला लागूनच, पण पलीकडच्या बाजूला उभी राहिले तर उणे ६६. म्हणजे एका भिंतीनं चोवीसचा फटका दिला. ताकद अडीचशेव्या हिश्शावर! हा आकडा ५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे वेगवान वायफायचा. हळू पण दूर जाणारं २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय तीच भिंत जरा बऱ्यापैकी पार करत होतं. पण अशा दोन भिंती ओलांडून ताईच्या खोलीत पोचेपर्यंत तेही उणे ८३ वर आलं होतं आणि ५ गिगाहर्ट्झ तर यादीतसुद्धा नव्हतं.

गंमत पुढे आहे. मला वाटलं होतं, माडी म्हणजे वरचा मजला, तिथंच खरी अडचण असणार. पण ताईच्या खोलीच्या बरोबर खाली माजघर आहे आणि मध्ये आहेत लाकडी तुळया, फळ्या आणि वर मातीचा थर. ताईच्या खोलीत लावलेल्या एक्स्टेंडरचा सिग्नल खाली माजघरात उणे ६० च्या आसपास येत होता, अगदी आरामात. म्हणजे या घरात वर-खाली जाणं सोपं, आडवं जाणं अवघड. त्रास दोन मजल्यांचा नव्हता, दोन भिंतींचा होता. तुमच्याकडे सिमेंटचा स्लॅब असेल तर हे गणित बदलेल, कारण स्लॅबमधल्या लोखंडी सळया सिग्नलला चांगलंच अडवतात. म्हणून खरेदीआधी मोजा.

आजीचा सल्ला

रात्री जेवताना मी हे सगळं मोठ्या रुबाबात समजावत होते. आजी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘अगं, पूर्वी बैठकीतून हाक मारली तर मागच्या माडीवर ऐकू जायची का? चौकात येऊन ओरडावं लागायचं.’

घ्या! मी दिवसभर भिंती मोजत बसले होते आणि घराच्या मधोमध एवढा उघडा चौक होता. वायफायला भिंत भेदायची हौस नसते. त्याला मोकळी वाट मिळाली तर ते तिकडूनच जातं. बैठकीच्या दारातून ओसरी, ओसरीवरून चौक, चौकातून समोरच्या माडीचा लाकडी सज्जा. या वाटेवर दगडाचा एक खडाही नाही.

शनिवारी सकाळी पहिलं काम केलं, ते बिनपैशाचं. राउटर कोनाड्यातून बाहेर काढला. तीन बाजूंनी दगड आणि पुढे टीव्ही, अशा जागी तो बिचारा कोंडला होता. फायबरची थोडी वायर गुंडाळून ठेवलेली होती, म्हणून जोडणीवाल्याला बोलावून तो बैठकीच्या दाराशेजारी, डोक्याच्या उंचीवरच्या फळीवर आणला. (ही वायर स्वतः ओढू नका. आत काच असते, घडी पडली की गेली.) एवढ्यानंच समोरच्या सज्ज्यात आकडा आला उणे ५८ आणि ताईच्या खोलीत उणे ७४. तिथं १४ एमबीपीएस मिळू लागले. एक रुपयाही न घालता.

मग मामाचं एक्स्टेंडर ताईच्या खोलीतून काढून सज्ज्यात, चौकाकडे तोंड करून लावलं. आता ते उपाशी नव्हतं. ताईच्या खोलीत ३० एमबीपीएस. पिंग दहा-पंधराच्या घरात, एका लयीत. ताईनं मैत्रिणीशी अर्धा तास गप्पा मारून चाचणी घेतली. पास!

मग प्रश्न सुटला की... नाही ना. मामाकडे नारायण नागबलीला यजमान येतात. विधी तीन दिवसांचा असतो, त्यामुळे मंडळी मुक्कामाला माजघराशेजारच्या खोल्यांत असतात. शनिवारी संध्याकाळी एक कुटुंब आलं. सात माणसं, आठ फोन. आणि एक्स्टेंडरची मर्यादा उघडी पडली. साधं एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतं आणि त्याच रेडिओवर बोलतं. म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा म्हणावी लागते, आणि निम्मा वेळ तिथंच जातो. एकटी ताई असताना हे जाणवलं नव्हतं. आठ फोनांवर रील्स सुरू झाल्यावर ताईचे ३० चे ६ झाले. शिवाय एक्स्टेंडरचं नाव वेगळं. ताई लॅपटॉप घेऊन खाली बैठकीत आली तरी लॅपटॉप सज्ज्यातल्या खोक्याला चिकटूनच राहायचा आणि कॉल तडफडायचा.

मेशची एन्ट्री

रविवारी नाशिकच्या एका मित्राकडून त्याचा दोन खोक्यांचा मेश सेट उसना आणला. मेश म्हणजे एकाच नावानं चालणारी, एकमेकांशी बोलणारी खोकी. अमेरिकेत २०१६ च्या सुमारास हे घरगुती सेट बाजारात आले आणि आता आपल्याकडेही सर्रास मिळतात. यातला खरा फायदा असा, की तुम्ही घरात फिरलात तर फोनला ‘आता याला सोड, त्याला धर’ असं ही खोकी सुचवतात. पाहुण्यांसाठी वेगळं नाव आणि वेगळा पासवर्डही देता येतो. ते काम आमच्याकडे लाखमोलाचं ठरलं, कारण मामाचा खरा पासवर्ड आतापर्यंत अर्ध्या महाराष्ट्राला माहीत झाला असणार.

फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय आधी बंद केलं, नाहीतर फोन जुन्यालाच धरून बसतात. पहिलं खोकं त्याच डब्याला जोडून बैठकीच्या दारात ठेवलं. दुसरं मुद्दाम ताईच्या खोलीत ठेवून बघितलं. काय झालं असेल? अ‍ॅपमध्ये दोन खोक्यांमधली जोडणी ‘वीक’ दाखवायला लागली आणि स्पीड ८! मेश म्हणजे जादू नाही, बॉस. त्यांच्यातला संवादही वायफायनंच होतो आणि भिंत त्यालाही तेवढीच अडवते. जे एक्स्टेंडरचं तेच मेशचं. दुसरं खोकं सज्ज्यात आणलं, तसे ताईच्या खोलीत ४६ मिळाले आणि फिरताना कॉल तुटायचा थांबला. यजमानांचे फोन सुरू असतानाही २० च्या खाली आलं नाही.

म्हणजे मेश जिंकलं? जिंकलं, पण फार मोठ्या फरकानं नाही. जागा चुकली तर सात-आठ हजारांचा मेश दीड-दोन हजारांच्या एक्स्टेंडरसमोर हरतो, हे मी डोळ्यांनी बघितलं.

शेवटी वायर ती वायर

रविवारी दुपारी मामाचा नेहमीचा वायरमन आला. सगळी कहाणी ऐकून म्हणाला, ‘मग वायरच टाकू ना, ताई.’ पंचवीस मीटर कॅट-सिक्स वायर. बैठकीच्या दाराच्या चौकटीला एक छोटं भोक, ओसरीच्या तुळईच्या कडेनं, सज्ज्याखालून वर ताईच्या खोलीत. दगडी भिंतीला हातही लावला नाही. ही वायर शंभर मीटरपर्यंत बिनधास्त चालते, त्यामुळे अंतराची चिंता नव्हती. काळजी एवढीच घ्यायची, की वायर पूर्ण तांब्याची मागायची. स्वस्तात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली मिळते, ती वाकवली की तुटते आणि कनेक्टरही ढिले पडतात. शिवाय चौकात पाऊस येतो, म्हणून बाहेर वापरायची काळी जाड वायर घेतली.

आता दुसरं खोकं ताईच्या खोलीतच ठेवता आलं. त्याला राउटरचा सिग्नल हवेतून ऐकायची गरजच उरली नव्हती. स्पीड ९१, पिंग दोन-तीन. यजमानांचे आठ फोन सुरू असले तरी पिंगची लय बिघडेना. आणि तळमजल्यावरच्या माजघराला वरून, फळ्यांमधून सिग्नल मिळालाच. एका खोक्यात दोन मजले.

मग डोक्यात आलं, वायर असेल तर मेशच कशाला हवा? बरोबर आहे. माझ्या बॅगेत जुना साधा राउटर होता. तो ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला, त्याला पहिल्यासारखंच नाव आणि पासवर्ड दिला आणि त्याच वायरला जोडला. स्पीड ८८! फरक एवढाच, की बैठकीतून माडीवर जाताना फोन कधीकधी जुन्या खोक्याला जरा जास्त वेळ धरून ठेवत होता. एका जागी बसून काम करणाऱ्या ताईला त्याचं काय? पण कानाला फोन लावून घरभर फिरणाऱ्या मामाला हा फरक चांगलाच जाणवला. यजमानांसाठी वेगळा पासवर्डही हवा होता. शेवटी मामानं मेश घेतला आणि मित्राचा सेट परत केला. बजेट कमी असतं, तर मी वायर आणि जुना राउटर यावर डोळे मिटून थांबले असते.

पावसाची परीक्षा

ऑगस्टमध्ये पुन्हा गेले. त्र्यंबकचा पाऊस म्हणजे काय, ते नाशिककरांना सांगायला नको. भिंती ओल धरून होत्या. सहज म्हणून अ‍ॅप काढलं आणि भिंतीपलीकडे उभी राहिले. उन्हाळ्यातल्या उणे ६६ ऐवजी उणे ७१. वायफायच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त खाते. चौकातून मात्र, धो-धो पावसातही, आकडा जवळजवळ तोच. एवढ्याशा अंतरात पावसाच्या थेंबांचं काही चालत नाही. मे महिन्यात जेमतेम चालणारी जोडणी जुलैत का रुसते, याचं उत्तर कदाचित तुमच्याही भिंतीतच असेल. म्हणून कोरड्या दिवसांत मोजताना थोडा हात राखून मोजा.

आणि लाइट! पावसाळ्यात ती जाणारच. पहिल्यांदा गेली तेव्हा आमची फजिती झाली. बैठकीतल्या राउटरला छोटा बॅटरी बॅकअप होता, माडीवरच्या खोक्याला नव्हता. खालचं नेट चालू, ताईचं बंद. मेश असो वा एक्स्टेंडर, जितकी खोकी तितके प्लग आणि तितकेच बॅकअप, हे बजेटमध्ये आधीच धरा. आता वरही एक आहे.

तर मंडळी, जाड भिंतींच्या घरात ‘मेश की एक्स्टेंडर’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, दुसऱ्या खोक्यापर्यंत नेट पोचणार कसं? वायर टाकता येत असेल तर टाका. मग वरच्या टोकाला मेश लावा नाहीतर जुना राउटर, दोन्ही चालतील. वायर शक्य नसेल तर मोकळी वाट शोधा. चौक, जिना, समोरासमोरची दारं, काहीही. त्या वाटेवर जिथं सिग्नल अजून उणे ६० च्या आसपास आहे तिथं दुसरं खोकं ठेवा. एकच माणूस, एकच खोली असेल तर एक्स्टेंडर भागवेल. माणसं जास्त आणि फिरती असतील तर मेशला पैसे द्या.

ताईच्या मॅनेजरनं दिलेली महिनाअखेर येऊन गेली. ती अजून त्र्यंबकलाच आहे. परवा तिचा कॉल चालू असताना आजी वॉकर घेऊन जिन्यापर्यंत आली आणि खालून ओरडली, ‘आवाज येतोय का गं?’

पलीकडच्या चौदा जणांनी एका सुरात उत्तर दिलं, ‘येतोय, आजी!’